स्थळाचा परिचय पुन्हा लिहिताना

विवाहमंडळात किंवा संकेतस्थळावर नाव नोंदवताना उंची, शिक्षण, रास, नक्षत्र, मामेकुळ हे रकाने अर्ध्या तासात भरून होतात. मग ‘स्वतःविषयी थोडक्यात’ अशी एक रिकामी चौकट समोर येते आणि भल्याभल्यांची लेखणी अडते. शेवटी कुणीतरी चुलतबहिणीचा बायोडाटा मागवतं, त्यातलं नाव बदलतं आणि ‘मनमिळाऊ, सुसंस्कृत, निर्व्यसनी’ अशी माळ ओवून मोकळं होतं. नंतर तीच मंडळी विचारतात, ‘स्थळ चांगलं आहे, तरी प्रतिसाद का नाही?’ किंवा ‘प्रतिसाद भरपूर येतात, पण एकही जुळण्यासारखा का नसतो?’ दोन्ही प्रश्नांचं उत्तर बहुतेकदा त्या चौकटीत असतं. ती नव्याने कशी लिहायची, एवढाच या लेखाचा विषय आहे.

एक गोष्ट आधी मान्य करा. चांगल्या परिचयाने प्रतिसादांची संख्या वाढेलच असं नाही, कदाचित ती कमी होईल. ज्यांचं तुमच्याशी जमणार नाही त्यांना हे पहिल्या वाचनातच कळावं आणि ज्यांचं जमू शकेल त्यांना बोलायला काहीतरी मिळावं, यासाठी तो लिहायचा असतो. सगळ्यांना आवडेल असं लिहायचं ठरवलंत की पुन्हा ‘मनमिळाऊ’पाशीच येऊन थांबाल.

परिचय कोणाच्या आवाजात आहे?

आपल्याकडे खातं बहुधा आई-वडील उघडतात आणि मजकूरही तेच लिहितात. मग ‘मी स्वभावाने शांत असून तिला स्वयंपाकाची आवड आहे’ अशी वाक्यं तयार होतात. सुरुवात मुलीच्या तोंडून आणि शेवट आईच्या तोंडून. वाचणाऱ्याला कळत नाही की बोलतंय कोण, आणि मुलीला किंवा मुलाला या सगळ्यात स्वतःला रस आहे की नाही.

यावर सोपी वाटणी अशी. माहितीचे रकाने पालकांनी भरावेत. त्यांना कुळ, गाव, नातेवाईक, जन्मवेळ हे तुमच्यापेक्षा नीट ठाऊक असतं. ‘स्वतःविषयी’ आणि ‘अपेक्षा’ हे दोन परिच्छेद मात्र ज्याचं लग्न आहे त्याने स्वतः, ‘मी’ वापरून लिहावेत. खातं पालक बघत असतील तर तसं सरळ लिहा: ‘हे खातं माझे आई-बाबा बघतात, हा मजकूर माझा आहे.’ यात कमीपणा काहीच नाही. उलट समोरच्यांना कळतं की पहिला फोन कुणाशी होणार आहे.

पालकांनीच लिहायचं असेल तर तेही चालेल, पण मग शेवटपर्यंत पालकांच्याच तोंडून लिहा आणि त्यांना जे दिसतं तेवढंच सांगा. ‘आमचा मुलगा रोज रात्री जेवताना टीव्ही बंद करायला लावतो’ हे वाक्य ‘आमचा मुलगा कुटुंबवत्सल आहे’ यापेक्षा कितीतरी जास्त सांगतं, आणि ते पालकांनाच सुचू शकतं.

जुना मजकूर तपासण्याची कसोटी

हातात आहे तो परिचय घ्या आणि प्रत्येक वाक्य उलटं करून बघा. ‘मी मनमिळाऊ आहे’ याच्या उलट ‘मी भांडखोर आहे’. असं कुणी लिहील का? नाही. मग मूळ वाक्यानेही काही सांगितलेलं नाही. ‘मला दर तीन वर्षांनी बदली होणारी नोकरी आहे’ याच्या उलट ‘मला गाव सोडायचं नाही’. असं लिहिणारे पुष्कळ सापडतील. म्हणजे हे वाक्य कामाचं आहे, ते ठेवा.

काही ठरावीक शब्दप्रयोग तर निरर्थकही नसतात, ते चुकीचा अर्थ पोचवतात. नेहमी दिसणारे काही असे:

- ‘आधुनिक पण संस्कार जपणारी’: वाचणारा यात स्वतःला हवं ते वाचतो. एकाला वाटतं ही नोकरी करील आणि सणवारही सांभाळील. दुसऱ्याला वाटतं ही नाव बदलणार नाही, पण गौरी-गणपतीला घरी असेल. दोघेही प्रतिसाद देतात आणि निदान एकाची तरी निराशा होते.
- ‘लग्नानंतर नोकरी करायला आमची हरकत नाही’: लिहिणाऱ्याच्या मनात मोठेपणा असतो. वाचणाऱ्या मुलीला यात परवानगी देण्याचा सूर ऐकू येतो. तिला नोकरीसाठी कुणाची परवानगी हवी असं कधी वाटलेलंच नसतं आणि ती पुढच्या स्थळाकडे जाते.
- ‘घराला धरून राहणारी’: मुलीकडच्यांनी लिहिलं तर गुण वाटतो, मुलाकडच्यांनी अपेक्षेत लिहिलं तर ‘नोकरी सोडावी लागेल’ असा अर्थ निघतो.
- ‘निर्व्यसनी’: काही घरांत याचा अर्थ सुपारीसुद्धा नाही, काही घरांत ऑफिसच्या पार्टीत बिअर चालते. नेमकं काय ते लिहा.
- ‘अमेरिकेत स्थायिक’: एच-१बी व्हिसावर असणं म्हणजे स्थायिक असणं नव्हे. त्या व्हिसावरच्या माणसाचा जोडीदार एच-४ व्हिसावर जातो आणि वेगळं कामाचं परवानापत्र असल्याशिवाय त्याला किंवा तिला तिथे नोकरी करता येत नाही. इथे करिअर उभं केलेल्या मुलीसाठी हा पहिला प्रश्न आहे. व्हिसा कुठला आणि परत यायचा विचार आहे का, हे दोन शब्दांत परिचयातच हवं.

‘वाचन, संगीत, प्रवास’ या त्रिकुटाबद्दल वेगळं काय सांगावं! ते खरं असलं तरी इतक्या जणांनी लिहिलेलं असतं की नजर त्यावरून घसरत पुढे जाते.

लिहायला बसण्याआधी

कोऱ्या कागदासमोर ‘मी कसा आहे?’ असा प्रश्न विचारला की विशेषणंच सुचतात. म्हणून स्वभाव विचारू नका, घडलेलं विचारा. खालच्या प्रश्नांची उत्तरं मोबाइलमध्ये, बोलता तशा भाषेत, शुद्धलेखनाची पर्वा न करता टिपून ठेवा:

1. गेल्या दोन रविवारी सकाळी उठल्यापासून दुपारपर्यंत खरोखर काय केलं?
2. गरजेपलीकडे गेल्या काही महिन्यांत पैसे कशावर खर्च झाले?
3. ऑफिसात किंवा मित्रांत लोक तुमच्याकडे कोणतं काम घेऊन येतात?
4. घरातलं कोणतं काम तुम्ही कुणी न सांगता करता? कोणतं टाळता?
5. रागावल्यावर तुम्ही काय करता? बोलता, गप्प बसता, बाहेर पडता?
6. पुढच्या पाच वर्षांत तुमच्या आयुष्यातली कुठली गोष्ट बदलणार नाही, म्हणजे जी जोडीदाराला स्वीकारावीच लागेल?

पाचवा प्रश्न बहीण, भाऊ किंवा जुन्या रूममेटलाही विचारा. त्यांचं उत्तर तुमच्यापेक्षा खरं असतं. सहावा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि जुन्या मजकुरात त्याचं उत्तर हमखास गायब असतं.

एक परिचय, तीन मसुदे

आता एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. उदाहरण काल्पनिक आहे, पण यातलं प्रत्येक वळण नेहमीचं आहे. मुलगी तीस वर्षांची, मूळची चिपळूणची, सरकारी बँकेत अधिकारी, सध्या नाशिकला. तिचा पहिला मजकूर असा:

> मी साधी, सुस्वभावी व कुटुंबवत्सल मुलगी असून मला वाचन, संगीत, प्रवास व स्वयंपाकाची आवड आहे. आधुनिक विचारांची असले तरी संस्कार जपणारी आहे. नामांकित बँकेत अधिकारी पदावर कार्यरत. अपेक्षा: उच्चशिक्षित, निर्व्यसनी, समंजस, सुस्थितीतील अनुरूप वर.

यात खोटं काही नाही. पण ही मुलगी रस्त्यात भेटली तर ओळखू येणार नाही. म्हणून एकेका शब्दाला प्रश्न विचारत जायचं.

वाचन म्हणजे काय? उत्तर आलं, झोपण्याआधी रहस्यकथा, आणि राहवलं नाही की शेवटचं प्रकरण आधी वाचून टाकते. संगीत? गाणी लागलेली असतात, पण गाता येत नाही आणि रागदारीही कळत नाही. मग संगीत काढून टाका. प्रवास? गणपतीत पाच दिवस चिपळूण, ते कधीच चुकत नाही. बाकी फारसं फिरणं नाही. मैत्रिणींबरोबर हरिहर गडावर गेली होती, उभ्या पायऱ्या बघून निम्म्यातून खाली उतरली. स्वयंपाक? घावन आणि माशाचं कालवण उत्तम जमतं, रोजच्या पोळ्यांना मावशी येतात. संस्कार जपणं म्हणजे? उपास करत नाही, पण गौरी-गणपतीला घरी असणं तिला हवं असतं. आडनाव बदलायचं नाही.

आणि सहाव्या प्रश्नाचं उत्तर? इथे खरी माहिती बाहेर आली. नोकरी बदलीची आहे, साधारण तीन वर्षांनी शाखा बदलते आणि पुढच्या बढतीनंतर महाराष्ट्राबाहेरही जावं लागू शकतं. धाकटा भाऊ शिकतो आहे, त्यामुळे ती घरी दरमहा ठरावीक रक्कम पाठवते आणि लग्नानंतरही त्याचं शिक्षण संपेपर्यंत पाठवणार आहे. या दोन्ही गोष्टी पहिल्या मजकुरात कुठेच नव्हत्या. या दोन गोष्टींवरच तिची तीन स्थळं पुढे बारगळली असती, तीही चहापोहे झाल्यावर.

एवढी सामग्री मिळाली की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. तिचा दुसरा मसुदा असा सुरू झाला:

> मला स्वयंपाक येत नाही, गाणं येत नाही, ट्रेकला गेले तर अर्ध्यावरून परत येते आणि रागावले तर दोन दिवस बोलत नाही, तेव्हा आधीच विचार करा! नोकरी सोडणार नाही, नाव बदलणार नाही, उपास करणार नाही…

हा प्रामाणिकपणा खरा आहे, पण वाचून हाताला येतात ते नुसते ‘नाही’. विनोदाच्या आडून आधीच माफी मागितली आहे आणि मागोमाग अटींची यादी वाचून दाखवली आहे. समोरचा माणूस अजून काही बोललेलाही नाही आणि त्याच्याशी वाद सुरू झाला. शिवाय ‘स्वयंपाक येत नाही’ हे खोटंसुद्धा आहे, घावन तर येतात. नकार लिहायचाच असेल तर त्याच्या शेजारी जे आहे ते लिहायचं. ‘पोळ्यांना मावशी येतात, रविवारचं कालवण माझं’ यात तीच माहिती आहे आणि ती वाचायला बरी वाटते.

तिसरा मसुदा असा झाला:

> मी चिपळूणची, सध्या नाशिकला सरकारी बँकेत अधिकारी आहे. माझी साधारण तीन वर्षांनी बदली होते आणि पुढे महाराष्ट्राबाहेरही होऊ शकते. मला हे काम आवडतं आणि ते चालू ठेवायचं आहे.
>
> आठवड्यात पोळ्यांना मावशी येतात, रविवारचं माशाचं कालवण आणि घावन माझे. रात्री झोपण्याआधी रहस्यकथा वाचते आणि बहुतेक वेळा शेवट आधी वाचून टाकते. गड चढायची हौस आहे, हिंमत कमी. हरिहरच्या पायऱ्या अजून निम्म्याच झाल्यात.
>
> गणपतीचे पाच दिवस मी चिपळूणला असते. उपासतापास करत नाही. रागावले की आधी गप्प होते, दुसऱ्या दिवशी शांतपणे बोलते. माझा धाकटा भाऊ शिकतो आहे, त्याचं शिक्षण होईपर्यंत मी घरी पैसे पाठवते आणि लग्नानंतरही पाठवेन. आडनाव माझंच ठेवायचा विचार आहे.

पुन्हा एकदा वाचून बघा, यात एकही विशेषण तिने स्वतःला लावलेलं नाही. तरी ती कष्टाळू आहे, घरच्यांशी बांधलेली आहे आणि स्वतःवर हसू शकते, हे वाचणाऱ्याने आपणहून ठरवलं. बोलायला धागेही आहेत. ‘हरिहर पूर्ण करायचा का?’ किंवा ‘शेवट आधी वाचून मग मजा काय येते?’ असा पहिला निरोप कुणीही लिहू शकतो. ‘तुमचं प्रोफाइल आवडलं’ याच्या पुढचा काही निरोप येत नसेल, तर मजकुरात असा धागा नाही असं समजा.

क्रमही बघा. कामाची आणि बदलीची गोष्ट सर्वांत वर आहे, कारण ज्याला ती चालणार नाही त्याचा वेळ वाचावा. पैसे पाठवण्याची गोष्ट शेवटाकडे आहे, पण आहे. कटकटीची वाटणारी गोष्ट पहिल्याच ओळीत टाकू नये, आणि वगळूही नये. माणूस थोडा ओळखीचा झाला की ती नीट वाचली जाते.

लांबीबद्दल फार काटेकोर होऊ नका. शंभर ते दीडशे शब्दांत हे सगळं बसतं. मोबाइलवर दोनदा सरकवून संपेल एवढं ठेवलंत तरी पुरे.

अपेक्षा: ‘अनुरूप’ ऐवजी काय?

अपेक्षांची यादी करा आणि तिचे तीन ढीग करा: जमलंच पाहिजे, जमलं तर बरं, आणि काही फरक पडत नाही. पहिल्या ढिगात दोन-तीनहून जास्त गोष्टी आल्या तर पुन्हा बघा. त्यातल्या काही तुमच्या नाहीत, आत्याच्या असतील.

वरच्या मुलीच्या अपेक्षा अशा उतरल्या: ‘माझ्या बदल्यांबरोबर काही वर्षं दोन शहरांत राहावं लागलं तरी चालेल असा, किंवा कुठूनही काम करता येणारा जोडीदार हवा. सिगारेट ओढणारा नको, मला त्या धुराचा त्रास होतो. घरात दोघांनीही काम करावं. मराठी बोलणारा असेल तर आवडेल. कोकणातलाच हवा असं नाही, पदवी कुठली यानेही फरक पडत नाही.’ जिथे कारण सांगता येतं तिथे ते सांगितलं आहे. कारण सांगितलं की अट हट्टाची वाटत नाही. आणि ‘फरक पडत नाही’ हे लिहिलेलं वाचून, एरवी आपण बसत नाही म्हणून मागे राहिलेली एखादी व्यक्ती पुढे येते.

पगाराची अपेक्षा आकड्यात लिहावी का, असं बरेच जण विचारतात. माझं मत, आकडा लिहायचा असेल तर आधी स्वतःचा लिहा. स्वतःचं उत्पन्न ‘सांगू इच्छित नाही’ आणि अपेक्षा मात्र वर्षाला वीस लाखांची, हे वाचताना खटकतं.

रंग, बांधा, ‘सुस्वरूप’, ‘गोरी’ हे शब्द अपेक्षेतून काढून टाका. फोटो समोर आहे. तुम्हाला आवडेल न आवडेल ते तुम्ही बघालच. लिहून ठेवल्याने फक्त बाकीच्यांना दुखवणं होतं.

पत्रिकेचं सरळ लिहा. ‘पत्रिका बघतो’, ‘बघत नाही’ आणि ‘घरचे बघतात, माझा आग्रह नाही’ ही तीन वेगळी उत्तरं आहेत. बहुतेक घरांत तिसरं खरं असतं आणि लिहिलं मात्र दुसरं जातं. मग दोन महिने बोलणं झाल्यावर नाडीदोष निघतो. तिसरं खरं असेल तर तिसरंच लिहा.

अवघड गोष्ट परिचयात की भेटीत?

आजार, आधीचं लग्न, कर्ज, घरातली जबाबदारी. हे सगळं जाहीर मजकुरात लिहायला तुम्ही बांधील नाही, पण लपवून पुढेही जाता येत नाही. मी सुचवते ती विभागणी अशी:

- परिचयातच: आधीचं लग्न, मूल, दिसून येणारं अपंगत्व, बदलीची किंवा रात्रपाळीची नोकरी, आई-वडील बरोबर राहणार असतील तर ते.
- एकदोनदा बोलणं झाल्यावर, कुटुंबांची औपचारिक बैठक ठरण्याआधी: रोजची औषधं घ्यावी लागणारा आजार, मानसिक आजारावरचे उपचार, मूल होण्याबद्दलची वैद्यकीय अडचण किंवा मूल नको असणं, मोठं कर्ज.

सुपारी फुटेपर्यंत काहीही शिल्लक ठेवू नका. सांगताना एका श्वासात तीन गोष्टी सांगा: काय आहे, त्यावर काय चालू आहे, रोजच्या जगण्यात त्याचा फरक किती पडतो. ‘मला लहानपणापासून मधुमेह आहे, रोज इन्शुलिन घेतो, जेवणाची वेळ पाळावी लागते, बाकी नोकरी-प्रवास सगळं चालू आहे.’ एवढं पुरतं.

घटस्फोटाबद्दल एक गोंधळ फार होतो. खटला चालू असताना ‘घटस्फोटित’ असं लिहिलं जातं. ते खरं नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १५ प्रमाणे घटस्फोटाचा हुकूम झाल्यावरही अपिलाची मुदत संपेपर्यंत, किंवा अपील झालं असेल तर ते फेटाळलं जाईपर्यंत, पुन्हा लग्न करता येत नाही. ‘घटस्फोटाची प्रक्रिया चालू आहे’ असंच लिहा. हुकूम हातात आला की रकाना बदला. कारणं मात्र परिचयात लिहू नका. ‘आधीचं लग्न एक वर्ष टिकलं, मूल नाही, घटस्फोट परस्परसंमतीने झाला’ इथे थांबा. आधीच्या जोडीदाराबद्दल एक कडवट वाक्य लिहिलंत तरी वाचणारा त्यात तुम्हालाच बघतो.

लपवण्याला कायद्याची बाजूही आहे. त्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जोडीदाराविषयीच्या महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबत फसवून संमती मिळवली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. त्यासाठी फसवणूक उघड झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि कळल्यानंतर स्वखुशीने एकत्र राहिलं तर हा मार्ग बंद होतो. विशेष विवाह कायद्याखाली झालेल्या लग्नालाही फसवणुकीबाबत अशीच तरतूद आहे. प्रत्येक फुगवलेली गोष्ट यात बसत नाही, ते न्यायालय परिस्थिती पाहून ठरवतं. पण आधीचं चालू लग्न लपवून दुसरं लग्न करणं हा थेट गुन्हा आहे आणि भारतीय न्याय संहितेत त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आणखी एक. ‘मुलीच्या नावे फ्लॅट’, ‘लग्न थाटात करून देऊ, गाडी देऊ’ अशी ओळ परिचयात टाकायचा मोह काही पालकांना होतो. लग्नाच्या बदल्यात मालमत्ता, पैसे किंवा धंद्यातला वाटा देऊ करणारी जाहिरात करणं हुंडा प्रतिबंधक कायदा, १९६१ च्या कलम ४अ खाली गुन्हा आहे. मुलीच्या स्वतःच्या कमाईचं घर असेल तर ते तिच्या मालमत्तेची माहिती म्हणून लिहिता येईल. आमिष म्हणून नव्हे.

काय लिहू नये, काय देऊ नये

परिचय लिहून झाला की त्याची पीडीएफ होते, वर गणपती बसतो आणि ती समाजाच्या व्हॉट्सॲप गटांत फिरू लागते. एकदा फिरली की तुमच्या हातात काही राहत नाही. त्यामुळे दोन आवृत्त्या करा. गटांत टाकायच्या आवृत्तीत घराचा पूर्ण पत्ता, ऑफिसचं आणि शाखेचं नाव, मुलीचा स्वतःचा मोबाइल, जन्मतारखेसह जन्मवेळ हे नको. संपर्कासाठी एकाच नातेवाइकाचा नंबर पुरे. पत्रिकेचा तपशील मागितल्यावर त्या एका घराला द्यावा. आधार, पॅन, पगारपत्रक यांचे फोटो कुणालाही पाठवू नका. संकेतस्थळाला ओळख पटवायला कागद लागतो, तो त्याच्याच यंत्रणेत चढवा, निरोपातून नव्हे.

विवाहविषयक संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारने २०१६ साली सूचना काढल्या आहेत. नोंदणी करणाऱ्यांची ओळख पडताळणं आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती प्रसिद्ध करणं त्यांत येतं. तुमचे फोटो कुणी वापरले, खोटं खातं काढलं किंवा स्थळ म्हणून बोलता बोलता ‘सामान कस्टममध्ये अडकलं आहे, पैसे पाठवा’ अशी मागणी झाली, तर त्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. आणि लग्न ठरलं किंवा शोध थांबवला तर खातं नुसतं सोडून देऊ नका, बंद करा.

फोटोंबद्दल थोडक्यात. एक चेहरा स्पष्ट दिसणारा, एक उभा, एक तुम्ही खरोखर जे करता ते करताना. स्टुडिओतला गुळगुळीत केलेला फोटो आणि प्रत्यक्ष चेहरा यांत फरक पडला की भेटीची पहिली पाच मिनिटं त्यातच जातात. पाच वर्षांपूर्वीचा फोटो तर नकोच.

पाठवण्याआधी

मजकूर मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथली भाषा तुमची नाही, दुसऱ्याच्या बायोडाट्यातून आलेली आहे. ‘कार्यरत’ आणि ‘असून’ हे दोन शब्द काढले तरी बराच मजकूर माणसासारखा बोलायला लागतो.

मग दोघांना वाचायला द्या. एक, तुम्हाला ओळखणारं कुणी. त्यांना एवढंच विचारा, ‘यात मी नाही असं कुठे वाटतं?’ दुसरं, तुम्हाला फारसं न ओळखणारं, म्हणजे मैत्रिणीची बहीण किंवा ऑफिसातली ताई. त्यांना विचारा, ‘हे वाचून तुम्ही मला काय विचाराल?’ त्यांना एकही प्रश्न सुचला नाही तर मधला परिच्छेद पुन्हा लिहा. आई-वडिलांनाही दाखवा. पैसे पाठवण्याबद्दल किंवा आडनावाबद्दल त्यांना जे खटकतं, ते समोरच्या घरालाही खटकू शकतं. तो वाद आधी आपल्या घरात झालेला बरा. मात्र त्यांनी ‘हे काढून टाक, नंतर सांगू’ म्हटलं तर ऐकू नका. नंतर सांगायची वेळ साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात येते.

दीड-दोन महिने मजकूर तसाच ठेवून येणारे निरोप बघा. सगळे एकाच मुद्द्यावर अडत असतील, समजा बदलीवरच, तर मजकूर बदलण्याआधी विचार करा की अडचण मांडणीची आहे की ती गोष्टच त्यांना चालत नाही. मांडणीची असेल तर वाक्य सुधारा. गोष्टच चालत नसेल तर ते नकार तुमच्याच उपयोगाचे आहेत, ते येऊ द्या आणि त्या ओळीला हात लावू नका.